एलईडी स्ट्रिपचं शेवटचं टोक पुन्हा पुन्हा मंद होतंय? पॉवर सप्लाय बदलण्याआधी हे मोजून बघा

लांब एलईडी स्ट्रिप लावली की एक तक्रार हमखास येते. सुरुवातीला उजेड लख्ख असतो आणि पुढे जाता जाता तो मंद आणि पिवळट होत जातो. मग स्ट्रिप खराब निघाली असं समजून नवी लावली जाते आणि तीही तशीच दिसते. त्यानंतर अडॅप्टर बदलतात, फरक पडत नाही. शेवटी कोणीतरी सुचवतं म्हणून लांबच्या टोकालाही वायर नेऊन जोडतात. उजेड एकदम सुधारतो, पण अर्ध्या-पाऊण तासाने सगळी लाइन बंद पडते, थोड्या वेळाने आपोआप सुरू होते आणि पुन्हा बंद पडते.

या दोन तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण त्या एकाच कारणातून येतात. लांब स्ट्रिप एकाच टोकाकडून चालवली तर ती लेबलवर लिहिलेला करंट घेतच नाही. व्होल्टेज ड्रॉपमुळे पुढच्या भागाला वीज कमी पोचते, त्यामुळे एकूण लोड कमी दिसतो आणि अपुरा पॉवर सप्लायसुद्धा पुरेसा वाटतो. ड्रॉप काढून टाकला की खरा लोड उघडा पडतो. म्हणून ड्रॉप आणि पॉवर सप्लायचा हिशोब एकत्रच करावा लागतो. एक आज आणि दुसरा नंतर असं केलं की तक्रार फक्त रूप बदलून परत येते.

दीड व्होल्टने एवढा फरक का पडतो

12 व्होल्टच्या साध्या पांढऱ्या स्ट्रिपमध्ये तीन-तीन एलईडी एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले असतात आणि त्यांच्यासोबत एक रेझिस्टर असतो. असे तिघांचे गट स्ट्रिपच्या दोन तांब्याच्या पट्ट्यांवर शेजारी शेजारी, पॅरलल बसवलेले असतात. एका पांढऱ्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात, म्हणजे तिघांना मिळून 9 च्या आसपास. उरलेले 3 व्होल्ट रेझिस्टरवर पडतात आणि करंट किती वाहणार हे तेच ठरवतात.

आता पट्टीच्या एखाद्या जागी 12 ऐवजी 10.5 व्होल्टच पोचले असं धरा. 12 मधून दीड गेले म्हणजे जेमतेम आठवा हिस्सा गेला. पण एलईडी आपले 9 च्या आसपास घेणारच, त्यामुळे ती सगळी घट रेझिस्टरच्या वाट्याच्या 3 व्होल्टमधून जाते. तिथे अर्ध्यावर येतं. करंट कमी झाला की एलईडीचं व्होल्टेजही किंचित उतरतं, म्हणून प्रत्यक्षात करंट बरोबर अर्धा होत नाही, तरी एक तृतीयांशाहून अधिक पडतो. 8 व्होल्टच्या आसपास तर एलईडी जेमतेम लुकलुकतात. मीटरवर किरकोळ दिसणारा ड्रॉप डोळ्याला ठळक दिसतो तो यामुळे.

आरजीबी स्ट्रिपमध्ये हेच रंगावरून ओळखता येतं. लाल एलईडीला 2 व्होल्टच पुरतात, त्यामुळे त्याच्या रेझिस्टरवर बरंच व्होल्टेज शिल्लक असतं आणि ड्रॉप झाला तरी तो टिकून राहतो. निळा आणि हिरवा आधी पडतात. पांढरा रंग लावल्यावर लांबचं टोक गुलाबी किंवा तांबूस दिसत असेल तर कंट्रोलरवर संशय घेण्याआधी तिथलं व्होल्टेज मोजा.

एक प्रत्यक्ष केस

फॉल्स सीलिंगच्या खोबणीत 10 मीटर स्ट्रिप होती. 12 व्होल्टची, मीटरला 60 एलईडी, लेबलवर मीटरला 14.4 वॅट. पाच-पाच मीटरचे दोन रोल एकमेकांना जोडलेले. पॉवर सप्लाय 12 व्होल्ट 10 अँपिअरचा, स्ट्रिपच्या सुरुवातीपासून 4 मीटर लांब, मध्ये पाऊण स्क्वेअरची वायर. दुसरा रोल जवळजवळ विझल्यासारखा दिसत होता. रोल एकदा बदलून झाला होता.

स्ट्रिप पूर्ण पेटलेली असताना मल्टिमीटरने चार जागी व्होल्टेज घेतलं. पॉवर सप्लायच्या टर्मिनलवर 12.0, स्ट्रिपच्या सुरुवातीला 11.2, दोन रोलच्या जोडावर 9.3 आणि शेवटच्या टोकाला 8.9. पेटलेली असताना, हे महत्त्वाचं आहे. ड्रॉप करंटमुळे होतो, त्यामुळे लोड नसताना मोजलं तर सगळीकडे 12 च दिसतील आणि तुम्ही चुकीच्या दिशेला जाल.

हे चार आकडे नीट वाचले तर दोष कुठे आहे ते समजतं. पहिले 0.8 व्होल्ट स्ट्रिपपर्यंत पोचायच्या आधीच वायरमध्ये गेले. पुढचे जवळजवळ 2 व्होल्ट पहिल्या रोलच्या तांब्यात गेले, कारण दोन्ही रोलचा करंट त्याच्यातूनच जात होता. दुसऱ्या रोलमध्ये फक्त 0.4 व्होल्ट पडले, कारण तिथे फारसा करंट उरलाच नव्हता. जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे मोजलं तेव्हा फरक नगण्य होता, म्हणजे जोड ठीक होता. उजेड हळूहळू उतरत जात असेल तर स्ट्रिपच्या तांब्यातला ड्रॉप समजा. एका ठराविक जागेनंतर पायरीसारखा एकदम पडत असेल तर त्या जागचा जोड तपासा. पहिल्या एलईडीपासूनच सगळी पट्टी सारखीच मंद असेल तर दोष फीडच्या वायरमध्ये किंवा पॉवर सप्लायमध्ये आहे. आणि मधलेच तीन एलईडी बंद, बाकी सगळे चालू असं दिसलं तर तो एकच गट तुटला आहे, त्याचा ड्रॉपशी संबंध नाही.

मग करंट मोजला: 4.3 अँपिअर. हा आकडा फसवतो. 10 अँपिअरच्या सप्लायवर 4.3 चा लोड म्हणजे सप्लाय दुप्पट मोठा आहे असंच कोणालाही वाटेल. पण लेबलप्रमाणे हिशोब केला तर 10 मीटर गुणिले 14.4 म्हणजे 144 वॅट, 12 ने भागले की 12 अँपिअर. म्हणजे स्ट्रिप तिला हव्या असलेल्या करंटच्या एक तृतीयांशाच्या जरा वर चालत होती. शेवटच्या गटांना तर पहिल्या गटांच्या जेमतेम एक पंचमांश करंट मिळत होता.

त्यानंतर तिथल्या इलेक्ट्रिशियनने मधल्या जोडाला आणि शेवटच्या टोकाला वेगळ्या वायर नेऊन जोडल्या. उपाय बरोबर होता आणि उजेड लगेच सगळीकडे सारखा झाला. करंट मात्र साडेनऊ अँपिअरवर गेला. 10 अँपिअरचा सप्लाय, तोही बंद खोबणीत, हवा खेळायला जागा नाही. अर्ध्या तासात तो तापून आपल्याच संरक्षणाने बंद पडायचा आणि गार झाला की परत सुरू व्हायचा. सगळ्यांनी दोष नव्या वायरना दिला आणि त्या काढून टाकल्या. दुसरा रोल पुन्हा विझला आणि तक्रार पहिल्या जागी आली.

करंट मोजताना एक गोष्ट लक्षात ठेवा. बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात आणि डीसी वायरवर शून्य दाखवतात. डीसी मोजणारा क्लॅम्प नसेल तर मल्टिमीटर 10 अँपिअरच्या रेंजवर सिरीजमध्ये लावा, पण करंट त्या मर्यादेत राहील याची आधी खात्री करून घ्या.

खरा लोड मोजण्यासाठी छोटा तुकडा घ्या

लेबलवरच्या वॅटवर पूर्ण विश्वास ठेवता येत नाही आणि लांब स्ट्रिपचा करंट मोजून तर अजिबात उपयोग नाही, हे वर दिसलंच. यावर माझ्या मते सर्वात भरवशाचा मार्ग म्हणजे त्याच रोलचा अर्धा मीटरचा तुकडा कापून तो पॉवर सप्लायला आखूड, जाड वायरने थेट जोडायचा आणि करंट मोजायचा. एवढ्या छोट्या तुकड्यात ड्रॉप जवळजवळ होत नाही, त्यामुळे मिळणारा आकडा खरा असतो. इथे अर्ध्या मीटरला 0.6 अँपिअर आले, म्हणजे मीटरला 1.2 आणि 10 मीटरला 12. लेबल खरं होतं. आकडा लेबलपेक्षा कमी आला तरी सप्लाय निवडताना दोन्हींतला मोठा आकडा धरणं मला योग्य वाटतं.

पॉवर सप्लाय त्याच्या क्षमतेच्या 80 टक्क्यांच्या वर सतत चालवू नये. म्हणून 144 ला 0.8 ने भागायचं, 180 वॅट येतात. 12 व्होल्टला ते 15 अँपिअर होतात. इथे 15 अँपिअरचा सप्लाय बसवला. जागा बंद आणि उष्ण असेल तर एक पायरी आणखी वर जा, कारण उष्णता वाढली की सप्लायची क्षमताही उतरते.

मोठा सप्लाय लावला तर स्ट्रिप जळेल अशी भीती अनेकांना वाटते. तसं होत नाही. स्ट्रिप तिला लागेल तेवढाच करंट घेते, अँपिअरचा आकडा म्हणजे सप्लाय जास्तीत जास्त किती देऊ शकतो एवढंच. जुळायला हवं ते व्होल्टेज. 12 व्होल्टच्या स्ट्रिपला 24 चा सप्लाय लागला तर मात्र ती काही क्षणांत जळते.

याच्याशीच जोडलेली एक घातक सवय आहे. सप्लायवर व्होल्टेज वर-खाली करायचा छोटा स्क्रू असतो. लांबचं टोक उजळावं म्हणून तो फिरवून 13.5 व्होल्ट केले जातात. वरचाच हिशोब उलटा लावून बघा: वाढलेले सगळे दीड व्होल्ट सुरुवातीच्या गटांच्या रेझिस्टरवर पडतात आणि त्यांचा करंट एक तृतीयांशाहून अधिक वाढतो. ते तापतात आणि काही महिन्यांत एकेक गट विझत जातो. शेवटचं टोक तरीही मंदच राहतं. तो स्क्रू वायरमधले एक-दोन दशांश व्होल्ट भरून काढण्यापुरता वापरावा, स्ट्रिपच्या लांबीवरचा उपाय म्हणून नाही.

फीड कुठे द्यायची आणि वायर किती जाड

पट्टीत करंट वाटेत सगळीकडे खर्च होत जातो, त्यामुळे लांबी दुप्पट केली तर ड्रॉप दुप्पट नव्हे, साधारण चौपट होतो: करंटही दुप्पट आणि तांब्याची लांबीही दुप्पट. हाच नियम आपल्या बाजूनेही वापरता येतो. तीच पट्टी दोन्ही टोकांकडून चालवली तर सर्वात मंद जागा मध्यावर येते आणि तिथला ड्रॉप आधीच्या शेवटच्या टोकाच्या एक चतुर्थांश राहतो. एकाच टोकाऐवजी मध्यावर फीड दिली तरी हिशोब तोच, फक्त मंद जागा दोन्ही टोकांना जातात.

या केसमध्ये सप्लाय जुन्या जागेवरून हलवून 10 मीटरच्या मध्याजवळ, हवा लागेल अशा जागी नेला. तिथून तीन जागी फीड दिली: मधल्या जोडाला 1 मीटर वायर, आणि दोन्ही टोकांना प्रत्येकी 6 मीटर. मधल्या जोडाला दोन्ही बाजूंना पुरवायचं असतं म्हणून तिथून साधारण 5 अँपिअर जातात, टोकांना अडीच-अडीच. वायरचा ड्रॉप असा काढायचा:

```
ड्रॉप = करंट × (2 × लांबी मीटरमध्ये) × 0.0172 ÷ वायर स्क्वेअर एमएममध्ये
```

2 ने गुणायचं कारण करंट प्लसमधून जातो आणि मायनसमधून परत येतो, दोन्ही वायरमध्ये ड्रॉप होतो. हिशोबात चुकतो तो बहुधा हाच दोनाचा गुणाकार. दीड स्क्वेअरची वायर घेतली तर टोकांसाठी 2.5 × 12 × 0.0172 ÷ 1.5, म्हणजे 0.34 व्होल्ट. अर्ध्या व्होल्टच्या आत राहिलं की मी समाधानी असतो. पाऊण स्क्वेअरने हेच दुप्पट झालं असतं. मधल्या फीडची वायर 1 मीटरच असल्याने तिथे दशांशाच्या आसपासच जातं.

15 अँपिअर देऊ शकणाऱ्या सप्लायवर बारीक वायर शॉर्ट झाली तर सप्लाय बंद होण्याआधी वायरच तापून पेटू शकते. म्हणून प्रत्येक फीडच्या प्लसमध्ये, सप्लायच्या अगदी जवळ फ्यूज हवा. इथे मधल्या फीडला साडेसात आणि टोकांना पाच अँपिअरचे ब्लेड फ्यूज बसवले. हे काम वगळलेलं मी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी पाहतो आणि मला त्याची खरोखर काळजी वाटते, कारण या स्ट्रिप बहुतेक वेळा प्लायवूडच्या आत, नजरेआड असतात.

डिमर किंवा कंट्रोलर असेल तर जादा फीड त्याच्या आउटपुटपासूनच घ्या. थेट सप्लायपासून घेतलीत तर डिमरला बगल मिळते आणि पट्टी मंद होतच नाही. एकूण करंट डिमरच्या क्षमतेबाहेर जात असेल तर पुढच्या भागासाठी अ‍ॅम्प्लिफायर लावा. दोन स्वतंत्र सप्लाय वापरायचे झाले तर प्रत्येकाचा स्ट्रिपचा भाग वेगळा ठेवा आणि मध्ये प्लसची पट्टी कापा, दोघांचे प्लस एकमेकांना जोडू नका.

कापणं आणि जोडणं

स्ट्रिप फक्त कटमार्कवर, तांब्याच्या पॅडच्या बरोबर मधोमध कापायची, म्हणजे दोन्ही तुकड्यांना अर्धा-अर्धा पॅड मिळतो. 12 व्होल्टला, मीटरला 60 एलईडी असतील तर ही खूण दर 5 सेंटिमीटरवर येते. 24 व्होल्टमध्ये गट बहुधा सहाचा असतो, म्हणून ती 10 सेंटिमीटरवर जाते. चुकून मध्येच कापलं तर सगळी स्ट्रिप जात नाही, कापलेला तो एक गट विझतो. त्याच्या पुढच्या खुणेवर पुन्हा कापून घ्या.

मधल्या जागी फीड देण्यासाठी स्ट्रिप कापायची गरज नसते. कुठल्याही कटमार्कवर पॅड उघडे असतात, त्यांवरच वायर सोल्डर करता येते. वर सिलिकॉनचा थर असेल तर तो पॅडपुरता पूर्ण खरवडून काढा. पॅडवर आणि वायरच्या टोकावर आधी वेगवेगळं सोल्डर चढवा, मग दोन्ही एकमेकांवर ठेवून एक-दोन सेकंदच गरम करा. जास्त वेळ धरलं तर पॅड स्ट्रिपवरून सुटून येतो. क्लिपचे कनेक्टर तात्पुरत्या कामाला ठीक आहेत, पण 5 अँपिअर जाणाऱ्या फीडला मी ते लावणार नाही. त्यांची पातळ पात पॅडला अगदी थोड्या जागेत टेकते, तापते, सैल होते, आणि मग वर सांगितलेली पायरीसारखी घट दिसायला लागते.

हे सगळं बसवल्यावर पुन्हा मोजलं. मधल्या फीडजवळ 11.9, दोन्ही टोकांना 11.7 आणि प्रत्येक रोलच्या मध्यावर, म्हणजे सर्वात वाईट जागी, 11.3. सर्वात उजळ आणि सर्वात मंद जागेच्या करंटमध्ये सहाव्या हिश्शाइतका फरक उरला. तो अडीच मीटरमध्ये हळूहळू पसरलेला असल्याने डोळ्याला दिसत नाही. एकूण करंट 10 अँपिअरच्या किंचित वर, सप्लाय दोन-अडीच तासांनंतरही हाताला नुसता कोमट.

काम अजून सुरू झालं नसेल आणि लांबी 5 मीटरच्या वर असेल तर 24 व्होल्टची स्ट्रिपच घ्या. तेवढ्याच वॅटला करंट निम्मा लागतो आणि रेझिस्टरकडे सोडायला व्होल्टेज दुप्पट असतं. त्यामुळे तशाच तांब्याची 24 व्होल्टची 10 मीटर पट्टी 12 व्होल्टच्या 5 मीटरसारखी वागते. पण याचा अर्थ ती एका टोकाकडून निर्धास्त चालवावी असा नाही. या केसमधल्यासारखी मीटरला 14.4 वॅटची 5 मीटर पट्टी एका बाजूने चालवली तर शेवटच्या टोकाला पहिल्याच्या साधारण 60 टक्केच करंट पोचतो, आणि 24 व्होल्टच्या 10 मीटरचंही तेच होतं. दोन्ही टोकांना फीड तिथेही हवीच, फक्त वायर बारीक चालते आणि मधली तिसरी फीड वाचते.